फोन नंबर ही संख्या नाही

"डावीकडच्या शून्याला किंमत नसते." दुसरी-तिसरीच्या वर्गात हे वाक्य आपण वर्षातून निदान वीस वेळा म्हणतो. ०५ म्हणजे ५, ००७ म्हणजे ७. मूल चुकलं तर आपण लाल पेनाने शून्य खोडतोही. यात काही चूक नाही, गणित तसंच आहे. पण हाच नियम आपण ऑफिसातल्या संगणकावर पालकांचे फोन नंबर भरताना घेऊन जातो, आणि संगणकही तोच नियम शिकून बसलेला असतो. तिथे मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

मला ती कशी कळली ते आधी सांगतो, कारण त्या दिवसापर्यंत मी स्वतः या गोष्टीला कारकुनी बारकावा समजत होतो.

आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत असताना सातवीची सहल शिवनेरीला नेली होती. उतरताना पायऱ्यांवर एक मुलगा घसरला आणि मनगट सुजलं. जुन्नरला दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले फोटो काढू, प्लास्टर लागेल असं दिसतंय, घरच्यांना कळवा. माझ्या पिशवीत पालकांच्या नंबरांची छापील यादी होती. आदल्या संध्याकाळी ऑफिसातून घेतलेली, घडी घालून नीट ठेवलेली. त्या मुलाच्या नावासमोर छापलं होतं:

```
9.15556E+11
```

मी दोनदा चष्मा पुसला. सोबतच्या बाई म्हणाल्या, "सर, हा काय प्रकार आहे?" यादीत सदतीस मुलं होती, त्यातल्या अकरा जणांपुढे असंच काहीतरी होतं, आणि गंमत म्हणजे त्यातल्या तिघांपुढे अगदी हेच, अक्षर न अक्षर. (इथला नंबर मी बदलला आहे. या लेखातले सगळे फोन नंबर बनावट आहेत. मोबाईल मुद्दाम ५ ने सुरू केलेत, कारण आपल्याकडे मोबाईल ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात.) शाळेत फोन केला, तर ऑफिसातल्या फाईलमध्येही तेच. शेवटी मुलाच्या चुलत बहिणीच्या मैत्रिणीकडून वडिलांचा नंबर मिळाला. ते नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवत होते. त्यांच्यापर्यंत पोचायला पाऊण तास गेला. मनगटाचं पुढे सगळं ठीक झालं, पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही.

आता हे झालं कसं? कुणाचाही निष्काळजीपणा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. नंबर भरणाऱ्या ताईंनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये बघून बघून नंबर टाइप केले होते. व्हॉट्सॲपवर नंबर +९१ लावून दिसतो, म्हणून त्यांनी जसा दिसला तसा, मधली जागा तेवढी सोडून, टाकला: +915555500001. एक्सेलच्या साध्या चौकटीला कुणी काही सांगितलेलं नसेल तर ती समोर आलेल्या मजकुराचा स्वतःच अंदाज बांधते. तिने पाहिलं: पुढे अधिक चिन्ह, मागे सगळे अंक. म्हणजे ही धन संख्या. धन संख्येपुढे अधिक चिन्ह लिहायची गरज नसते, म्हणून ते पुसलं. राहिली बारा अंकी संख्या. साध्या चौकटीत बारा किंवा जास्त अंकांची संख्या एक्सेल विज्ञानाच्या पुस्तकातल्या पद्धतीने दाखवतं, म्हणजे ९.१५५५६ गुणिले दहाचा अकरावा घात. पुस्तकात सूर्याचं अंतर लिहितो तसा त्या मुलाच्या बापाचा नंबर लिहिला गेला.

इथपर्यंत नुकसान झालेलं नव्हतं. चौकटीवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत पूर्ण 915555500001 दिसत होतं. नुकसान झालं पुढच्या पायरीवर. मेसेज पाठवायच्या सोयीसाठी ती यादी सीएसव्ही फाईल म्हणून सेव्ह केली गेली. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, दुसरं काही नाही. आणि एक्सेल सीएसव्ही लिहिताना चौकटीच्या आत काय आहे ते लिहीत नाही, पडद्यावर जे दिसतं ते लिहितं. त्यामुळे फाईलमध्ये खरोखर 9.15556E+11 एवढीच अक्षरं गेली. ती परत उघडली की 915556000000 मिळतं. मूळ नंबराच्या दहा अंकांपैकी शेवटचे सहा गेले, आणि उरलेल्या चारातला शेवटचाही गोळाबेरजेत बदलला. ज्या तिघांचे नंबर सारख्याच अंकांनी सुरू होत होते ते एकच होऊन बसले. ही फाईल कुठल्याही जाणकाराकडे नेली तरी ते अंक परत येत नाहीत, कारण ते कुठे उरलेलेच नाहीत.

ताईंनी दुसऱ्या एका वर्गात नंबरमध्ये छोटी रेघ टाकली होती, वाचायला सोपं म्हणून: +91-5555500001. तिथे तर एक्सेलने सरळ वजाबाकी केली. ९१ मधून तो मोबाईल वजा. उत्तर आलं -5555499910. ऋण पाचशे पंचावन्न कोटी आणि काही! हे निदान विचित्र दिसतं, म्हणून पकडलं जातं. मला जास्त भीती वाटते ती न ओरडणाऱ्या चुकांची.

त्यातली सगळ्यात शांत चूक म्हणजे लँडलाइनचं शून्य. जुन्नर-नारायणगावचा एसटीडी कोड ०२१३२, मंचर-घोडेगावचा ०२१३३. आता म्हणाल, लँडलाइन राहिल्यात कुठे? ग्रामपंचायत, दवाखाना, पतपेढी, काही आश्रमशाळा अशा ठिकाणी आहेत, आणि भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांत रेंज रुसली की तेवढाच आधार असतो. असा एखादा नंबर तुम्ही सलग टाइप केलात, 02132012345, की चौकटीत उरतं 2132012345. मोजा: बरोबर दहा अंक. मोबाईल नंबरही दहा अंकी. म्हणजे यादी वरून खाली नजर टाकली तर काहीच खटकत नाही, सगळे दहा-दहा अंकी, नीट रांगेत. लावायला गेलं की लागत नाही, कारण मोबाईलवरून लँडलाइन लावताना ते शून्य लागतं.

हे शून्य आहे तरी काय, हेही एकदा समजून घेऊ. ते नंबराचा भाग नाहीच. ते केंद्राला सांगतं की "मला गावाबाहेर जायचंय." खरा नंबर २१३२ आणि पुढचे सहा अंक, असा मिळून दहा अंकी. म्हणून परदेशातून लावताना शून्य गळतं आणि +९१ च्या मागे थेट २१३२ येतं. अधिक चिन्हाचं कामही याच जातीचं: "मला देशाबाहेरचा रस्ता दे, पुढे येतोय तो देशाचा कोड आहे." दोन्ही चिन्हं गणिताची नाहीत, रस्त्यावरच्या पाट्या आहेत. आणि पाट्या बदलतातही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावायचा असेल तर आधी शून्य लावावं लागतं. त्याआधी आपल्या भागातल्या मोबाईलला ते लागत नव्हतं. अंकगणितात किंमत नसलेल्या या शून्यासाठी देशभर नियम बदलावा लागला!

मराठीने खरं तर आपल्याला हा फरक आयता दिलाय. आपल्याकडे 'अंक' वेगळा आणि 'संख्या' वेगळी. अंक दहाच, ते लिहायची चिन्हं आहेत. संख्या म्हणजे किती हे सांगणारी गोष्ट. फोन नंबर अंकांनी लिहिलेला असतो, पण तो "किती" या प्रश्नाचं उत्तर नाही. तो "कोण" किंवा "कुठे" याचं उत्तर आहे. म्हणजे अंकांत लिहिलेलं नावच. नावातलं पहिलं अक्षर किंमत नाही म्हणून आपण गाळत नाही.

पिनकोडचं बघा. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, संस्कृतात कविता करणारे आणि डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या रचनेत पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक त्या टपाल कार्यालयाचे. विभाग १ ते ८, आणि ९ लष्कराच्या टपालासाठी. शून्याने सुरू होणारा विभागच नाही. त्यामुळे भारतातल्या कुठल्याही पिनकोडचं डावं शून्य हरवू शकत नाही, कारण ते मुळात नाही. बरेच लोक पिनकोडबद्दल उगाच तेवढीच धास्ती घेतात, म्हणून हे सांगितलं.

तरी मी म्हणतो पिनकोडही मजकूर म्हणूनच ठेवा. जुन्नर ४१०५०२, मंचर ४१०५०३, नारायणगाव ४१०५०४, घोडेगाव ४१२४०८, ओतूर ४१२४०९. मंचर आणि घोडेगाव एकाच आंबेगाव तालुक्यातले, एसटीने अर्ध्या-पाऊण तासाची वाट. पिनकोडांतला फरक १९०५. घोडेगाव आणि ओतूर वेगवेगळ्या तालुक्यांत, मध्ये अख्खा जुन्नरचा पट्टा; फरक १. या वजाबाकीला काही अर्थ आहे का? मग ज्याची वजाबाकी निरर्थक, त्याला वजाबाकीच्या खान्यात ठेवायचं कशाला? ठेवलं की कुणीतरी पूर्ण तक्त्यावर स्वल्पविरामाची सजावट करतं आणि पाकिटावर छापून येतं: जुन्नर ४,१०,५०२. मी असं पाकीट पाहिलंय. पोस्टमन शहाणा होता म्हणून पोचलं.

आणि डावं शून्य खरोखर हरवतं ते आपल्या पोरांच्या परदेशातल्या पत्त्यांमध्ये. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची यादी केली की आता दोन-चार पत्ते अमेरिकेचे असतातच, आणि त्यात न्यू जर्सी हमखास. न्यू जर्सीतले टपाल कोड शून्याने सुरू होतात. एडिसन गावाच्या एका भागाचा कोड ०८८२०. साध्या चौकटीत टाकला की 8820. आता गंमत अशी की ८८२० हा स्वित्झर्लंडमधल्या वेडेन्सविल गावाचा खराखुरा कोड आहे. म्हणजे उरलेला तुकडाही कुठल्या तरी गावाचं वैध नाव होऊन बसतो. पुण्याच्या लँडलाइनचंही तसंच, ०२० मधलं पहिलं शून्य गेलं की नंबर २०२ ने सुरू होतो, आणि अमेरिकेत २०२ म्हणजे वॉशिंग्टन!

मी हे आमच्या केंद्रातल्या एका बैठकीत बोललो तेव्हा एका अनुभवी सरांनी हरकत घेतली. ती हरकत मला पटते, म्हणून पूर्ण देतो. ते म्हणाले, "सर, आपल्या शाळेत नव्वद टक्क्यांहून जास्त पालकांकडे मोबाईलच आहे. दहा अंकी, पुढे शून्य नाही, प्लस नाही. दहा अंकच टाका, संख्या म्हणून राहू द्या. ताईंना आणखी एक नियम कशाला?" खरं आहे. फक्त भारतीय मोबाईल असतील आणि सगळे न चुकता दहा अंकच टाइप करणार असतील तर काही बिघडत नाही. पण यादीत पहिला लँडलाइन आला, कुणी +९१ लावून नंबर टाकला, कुणी शून्य लावून टाकला, की ती शिस्त मोडते, आणि मोडली हे यादी सांगत नाही. मजकुराच्या कॉलममध्ये प्रत्येक नंबर जसा टाकला तसा राहतो. चुकीचा टाकला तर चुकीचा राहतो, पण दिसतो तरी. बदललेला नंबर आणि चुकीचा नंबर यांत मला चुकीचा परवडतो. तो मूळ फॉर्मशी ताडून दुरुस्त करता येतो.

करायचं काय, ते आता नीट सांगतो. नंबर टाकायच्या आधी (हा 'आधी' महत्त्वाचा) कॉलमच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक करून पूर्ण कॉलम निवडायचा आणि एक्सेलमध्ये `Home` मधल्या यादीतून `General` च्या जागी `Text` करायचं. गूगल शीट्समध्ये `Format`, मग `Number`, मग `Plain text`. त्यानंतर टाका +915555500001 किंवा 02132012345, एक अक्षर हलणार नाही. आधीच भरलेल्या कॉलमला नंतर `Text` केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही. खूप जण इथे फसतात: "मी तर टेक्स्ट केलंय!" हो, पण चोर गेल्यावर कडी लावली. एखाद-दुसराच नंबर असेल तर आधी एकेरी अवतरण चिन्ह टाइप करायचं, '02132012345 असं. ते चिन्ह दिसत नाही, छापलं जात नाही, फक्त एक्सेलला सांगतं की हा मजकूर आहे. पण शंभर पालकांच्या यादीत शंभर वेळा ते लक्षात राहील यावर मी विसंबणार नाही.

मजकूर झाला की नंबर चौकटीत डावीकडे चिकटतात, संख्या उजवीकडे. कुणी मुद्दाम मध्यभागी आणले नसतील तर ही पाच सेकंदांची तपासणी आहे. चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही येतो आणि एक्सेल म्हणतं `Number Stored as Text`. ती चूक नाही, आपल्याला हवं तेच झाल्याची पावती आहे. तिथे `Convert to Number` असा पर्याय असतो; तो दाबला की केलेलं सगळं एका क्लिकमध्ये पाण्यात. आमच्याकडे एका उत्साही सरांनी हिरवे त्रिकोण 'साफ' केले होते.

काही जण वेगळी युक्ती करतात. संख्या तशीच ठेवून तिला वरून अकरा शून्यांचा साचा लावतात, म्हणजे शून्य दिसायला लागतं. मला ही युक्ती आवडत नाही. ती रंगरंगोटी आहे. आत शून्य नाहीच. आणि एकाच साच्यात दहा अंकी मोबाईल आला की त्याच्याही पुढे शून्य दिसू लागतं, कुणी लावलं नसताना.

आता सीएसव्ही. मजकुराचा कॉलम असला की सीएसव्हीत पूर्ण नंबर नीट उतरतो, प्लससकट. पण सीएसव्हीत "हा कॉलम मजकूर आहे" ही माहिती लिहायला जागाच नसते. त्यामुळे ती फाईल कुणी डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधतं आणि पुन्हा 9.15556E+11. नुसतं बघून बंद केलं तर फाईल शाबूत राहते. बंद करताना `Save` दाबलं, की आमच्या सहलीची यादी. म्हणून माझा आग्रह असा: मूळ यादी नेहमी एक्सेलच्या स्वतःच्या .xlsx फाईलमध्ये ठेवायची, सीएसव्ही लागेल तेव्हा तिच्यातून काढायची आणि काम झालं की टाकून द्यायची. सीएसव्हीत काय गेलंय ते बघायचं असेल तर नोटपॅडमध्ये उघडायची. दुसऱ्या कुणाची सीएसव्ही आली तर एक्सेलमध्ये `Data`, मग `From Text/CSV`, आणि समोर येणाऱ्या खिडकीत `Data Type Detection` पुढे `Do not detect data types` निवडायचं. लिब्रे ऑफिस याबाबतीत जास्त सभ्य आहे. ते सीएसव्ही उघडतानाच विचारतं. त्या खिडकीत कॉलमवर क्लिक करून `Text` म्हणायचं.

तुमच्याकडे जुनी, बिघडलेली यादी असेल तर आधी ओळखा की बिघाड दुरुस्त होण्यासारखा आहे का. समजा नंबर C कॉलममध्ये आहेत. शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये ही तीन सूत्रं टाकून खाली ओढा:

```
=ISTEXT(C2)
=LEN(C2)
=RIGHT(C2,6)
```

पहिलं सांगतं चौकटीत मजकूर आहे की संख्या. दुसरं सांगतं अक्षरं किती. प्लससकट पूर्ण मोबाईल तेरा अक्षरांचा. बारा आलं आणि पहिल्याचं उत्तर `FALSE` असेल तर प्लस गेलाय पण अंक असू शकतात. "असू शकतात" म्हणतो, कारण सीएसव्हीतून चुरगाळून आलेला नंबरही बाराच अंकी असतो. तिथे तिसरं सूत्र कामाला येतं: शेवटचे सहा अंक 000000 दिसले, तेही एकाहून जास्त पालकांपुढे, तर तो नंबर मेला. मूळ फॉर्म काढा. ज्यांचे अंक शाबूत आहेत त्यांना `="+"&C2` ने प्लस परत मिळतो.

लँडलाइनचं हरवलेलं शून्य आपल्याकडे असं परत आणता येतं:

```
=IF(AND(LEN(C2)=10,LEFT(C2,1)="2"),"0"&C2,C2)
```

अर्थ असा: दहा अंकी आहे आणि २ ने सुरू होतो, तर तो मोबाईल असूच शकत नाही, म्हणून पुढे शून्य लाव, नाहीतर आहे तसा ठेव. जुन्नर, आंबेगाव, पुणे इथल्या यादीला हे चालतं, कारण इथले कोड शून्यानंतर २ ने सुरू होतात. हेच सूत्र नागपूरच्या मित्राला पाठवू नका. तिथला कोड ०७१२. शून्य गेलं की उरतो ७१२ ने सुरू होणारा दहा अंकी नंबर, आणि ७ ने मोबाईलही सुरू होतात. तिथे नुसत्या नंबराकडे बघून कुणीच सांगू शकत नाही की हा मोबाईल आहे की शून्य हरवलेली लँडलाइन. न्यू जर्सीच्या पत्त्यांचंही तसंच. `=TEXT(D2,"00000")` ने 8820 चं 08820 होतं, पण त्याच यादीत मेलबर्नचा माजी विद्यार्थी असेल तर त्याच्या ३००० चं ०३००० होईल, जे चूक आहे. ऑस्ट्रेलियातले कोड चारच अंकी. म्हणून देशाचा वेगळा कॉलम असल्याशिवाय अशी दुरुस्ती करूच नये. अंक गेले की त्यांच्याबरोबर ते कुठले होते हेही जातं, ते सूत्राने परत येत नाही.

मजकूर ठेवण्याचे तोटेही आहेत, ते लपवत नाही. एका यादीत पिनकोड मजकूर आणि दुसऱ्या यादीत संख्या असेल तर `VLOOKUP` दोघांना ओळखत नाही. डोळ्यांना दोन्हीकडे 410502 दिसतं आणि उत्तर येतं `#N/A`. म्हणजे करायचं तर सगळ्या याद्यांत करायचं, अर्धवट नाही. दुसरा तोटा चौकटीचा कोपरा धरून खाली ओढण्याचा. जुन्नरच्या चाळीस मुलांपुढे तोच पिनकोड हवा म्हणून मजकुरातला 410502 एक्सेलमध्ये खाली ओढला तर तो प्रत जशीच्या तशी काढत नाही, शेवटचा आकडा वाढवत नेतो. दुसरा मुलगा मंचरचा होतो, तिसरा नारायणगावचा, आणि दोन्ही पिनकोड खरे असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. अशा वेळी ओढू नका. पहिली चौकट कॉपी करा, खालच्या सगळ्या निवडा आणि पेस्ट करा.

वर्गात हे कसं घ्यायचं याचा एक छोटा प्रयोग मी पाचवीत केला. फळ्यावर सहा गोष्टी लिहिल्या: वर्गाची पटसंख्या, आपल्या गावाचा पिनकोड, शाळेपासून घरापर्यंतचं अंतर, आईचा मोबाईल, डब्यातल्या पोळ्या, शाळेचा लँडलाइन. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: याची निम्मी केली तर काही अर्थ राहतो का? पोळ्यांची निम्मी, हो सर. अंतराचं निम्मं, हो. पटसंख्येचं निम्मं, एक मुलगी म्हणाली, "चालेल, पण एकेचाळीसचे निम्मे कसे करणार?" त्यावर बराच गोंधळ झाला. आईच्या मोबाईलचं निम्मं म्हटल्यावर सगळा वर्ग हसला. एकाने मात्र वहीत खरोखर भागाकार करून उत्तर आणलं आणि विचारलं, "सर, हा कुणाचा नंबर असेल?" मी म्हटलं, लावू नकोस.

यंदा जूनमध्ये प्रवेश अर्ज भरायच्या आधी ताईंनी स्वतःच नवी फाईल उघडून फोन आणि पिनकोडचे दोन्ही कॉलम `Text` करून ठेवले होते. सहलीची यादी आता छापल्यावर आम्ही दोघं मिळून वाचतो, एक नाव, एक नंबर, आणि कुठले तरी तीन नंबर प्रत्यक्ष लावून बघतो.